आजोबांचा फोन

पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली विजेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथे आजोबा नातीला घेऊन फोन घ्यावयास गेले. दुकानदाराने दोन फोन पुढे ठेवले. मोठ्या पडद्याच्या फोनची बॅटरी 5000 मिलिअँपिअर-तासांची होती, बटणांच्या फोनची 1800 ची.

"मोठा आकडा तोच अधिक टिकणार ना ग?" आजोबांनी विचारले.

"नाही, आजोबा. आकडा सांगतो हौद केवढा. नळ केवढा, ते सांगत नाही. मोठा उजळ पडदा वीज भराभर पितो, म्हणून तो फोन बहुधा रोज रात्री चार्ज करावा लागतो. बटणांच्या फोनचा पडदा चिमुकला. त्याची लहान बॅटरीही कित्येक दिवस पुरते."

मग तिने दोन्ही फोनांचा आवाज पूर्ण वाढविला. मोठा फोन गल्लीच्या गोंगाटातही स्पष्ट ऐकू आला; दुसऱ्याचा आवाज मोठा असूनही फाटत होता. तिने घंटी खर्जातली निवडली. कारण उतारवयात बारीक, चिरके स्वर आधी ऐकू येईनासे होतात.

शेवटी तिने दोन्हींवर अक्षर सर्वांत मोठे केले, मराठी संदेश उघडला आणि फोन हातभर अंतरावर धरले. बटणांच्या फोनवर आकडे ठसठशीत होते. संदेश मात्र बारीकच राहिला. मोठ्या फोनवर वेलांट्या नि अनुस्वारही दिसले.

आजोबांची धाकटी बहीण नागपूरहून त्यांना रोज संदेश लिहीत असे. ते म्हणाले, "रोज रात्री चार्ज करीन, पण तिचे लिहिणे मला माझे मलाच वाचता आले पाहिजे."