घडीच्या वर, घडीच्या खाली

परवा पैठण रस्त्यावरच्या धाब्यावर हात धुताना बेसिनच्या काठावर लाल साबणाची वडी दिसली, एका बाजूनं झिजून उतार पडलेली. वास नाकात शिरला आणि मी ओले हात तसेच धरून उभा राहिलो. मागच्याला शेवटी विचारावं लागलं, "काका, झालं का?"

मामूंनी कापलेली वडी याच वासाची होती.

वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नवाकोरा इंजिनियर होतो. ड्रॉइंगच्या पेपरात चांगले मार्क, शीटवरचं अक्षर मोत्यासारखं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा एक ब्रॅकेट आला होता, एका कोपऱ्यात खाच असलेला. उजव्या हाताला काढलेला व्ह्यू म्हणजे वस्तूची डावी बाजू, हे कॉलेजात घोटलेलं. तसं आखून दिलं आणि बारा नग आरशातल्यासारखे उलटे निघाले. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. तिथं उजवीकडचा व्ह्यू उजव्या बाजूचाच असतो. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूची खूण होती आणि मी ती पाहिलीच नव्हती.

मामू मिलिंगवर होते, शाळा चौथीपर्यंत. ओरडले नाहीत. म्हणाले, "साब, पहले बैठो." मग वर्तमानपत्राचा कागद मधोमध दुमडून अर्धा उभा केला, अर्धा टेबलावर ठेवला. हात धुवायची वडी घेतली, ब्लेडनं कोपरा कापला आणि त्या घडीच्या कुशीत ठेवली. समोरून बघितलेलं मागच्या उभ्या कागदावर काढलं, वरून बघितलेलं खालच्या आडव्यावर. वडी उचलली, कागद सपाट केला. टॉप व्ह्यू आपोआप फ्रंट व्ह्यूच्या खाली आला. चार वर्षं जी एक्सवाय रेषा मी टू-एच पेन्सिलीनं ओढत होतो, ती कागदाची घडी होती.

पुढं मी शिकवायला लागलो आणि घडी न कळता नुसत्या रेषा ओढणारी मुलं माझ्या हातूनही तयार व्हायला लागली. रेषेच्या प्रक्षेपांचा तास म्हणजे फळ्यावर पाऊण तासात एक आकृती. मी काढत असताना तिला क्रम असतो. काढून झाली की सगळ्या रेषा एकदम दिसतात आणि कुठली आधी, कुठली नंतर हे पुसलं जातं. मुलं उतरवतात ते शेवटचं चित्र. म्हणून मी तो तास मोडून सराव-पत्रकं केली. एका पानावर पाच चौकटी, प्रत्येकीत आधीच्या पायरीपर्यंतचं छापलेलं आणि पुढचा व्ह्यू कोरा.

पहिल्या पत्रकाचं गणित असं: रेघ 80 मिमी लांब, जमिनीशी 30 अंश, भिंतीशी 45 अंश. तिचं ए टोक जमिनीपासून 15 मिमी वर, भिंतीपासून 20 मिमी पुढं. (परीक्षेत एचपी, व्हीपी लिहा, पत्रकावर मी जमीन आणि भिंतच लिहितो.) पहिल्या चौकटीत धरून चालायचं की रेघ भिंतीला समांतर आहे. मग फ्रंट व्ह्यू पूर्ण 80 चा, 30 अंशांत दिसतो. त्याखालचा टॉप व्ह्यू कोरा. मुलानं तो काढून मोजला की 69.3 येतो. दुसऱ्या चौकटीत उलट: रेघ जमिनीला समांतर, टॉप व्ह्यू 80 चा, 45 अंशांत. कोरा फ्रंट व्ह्यू भरला की 56.6. तिसरीत फक्त दोन आडव्या रेषा मारायच्या. बी टोक किती उंच जाणार आणि भिंतीपासून किती लांब जाणार, हे पहिल्या दोन चौकटींनी ठरवलेलंच असतं: 55 आणि 76.6.

चौथीत कंपास. वरच्या ए पासून 56.6 चा कंस वरच्या आडव्या रेषेला छेदेल, खालच्या ए पासून 69.3 चा कंस खालच्या रेषेला. पाचवी चौकट पडताळ्याची. दोन्ही छेदबिंदू एकाच उभ्या रेषेवर हवेत आणि ती रेषा ए च्या उभ्या रेषेपासून बरोबर 40 मिमीवर हवी.

हे आकडे मी मुद्दाम निवडलेत. दर वर्षी वर्गातली काही मुलं दोन्ही कंसांच्या त्रिज्यांची अदलाबदल करतात. या गणितात तसं केलं तर खालचा कंस रेषेला छेदतच नाही, नुसता टेकतो. टॉप व्ह्यू सरळ उभा पडतो आणि वरचा बिंदू 56.6 मिमी लांब पळतो. चूक झाल्याचं मला सांगावं लागत नाही. दुसरी गंमत अशी की खऱ्या फ्रंट व्ह्यूचा कोन 45 अंश भरतो, जमिनीशी रेघ 30 चीच असूनही. "सर, छपाईची चूक आहे," असं कुणी म्हणालं की मला बरं वाटतं. मोजलं म्हणायचं.

ही रीत ज्यानं काढली तो गास्पार मोंज आठवतो. फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत 1760 च्या दशकात किल्ल्याच्या तटबंदीचं एक किचकट गणित त्यानं आकडेमोडीऐवजी रेषांनी सोडवलं. इतक्या लवकर झालेलं उत्तर वरिष्ठ आधी तपासायलाच तयार नव्हते. पटलं तेव्हा ती रीत लष्करी गुपित झाली, आणि मोंजला ती उघडपणे शिकवता आली ती 1795 मध्ये. आमच्याकडे गुपित ठेवायची गरजच पडली नाही. होस्टेलात खिडकीची काच, खाली दिव्याचा बल्ब, वर मित्राची शीट आणि त्यावर आपली. याला जीटी म्हणतात. माझे ते चांगले मार्क तिथलेच. नीटनेटकेपणाला मार्क देणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. कुणीतरी एकदा तरी माझी घाणेरडी, खोडलेली शीट मागायला हवी होती.

माझी पहिली पत्रकं मात्र जीटीचीच सख्खी बहीण निघाली. कोऱ्या जागेत मी ठिपक्यांच्या रेषा दिल्या होत्या. मुलांनी बालवाडीतल्यासारख्या गिरवल्या, दहा मिनिटांत पानं परत, सगळी बरोबर. कोरं पान दिल्यावर पेन्सिली थांबल्या. आता ठिपके नाहीत. पहिल्या पत्रकावर एका पायरीला एकच व्ह्यू कोरा, दुसऱ्यावर कंस गायब, तिसऱ्यावर आडव्या रेषाही नाहीत, चौथ्यावर एक्सवाय आणि ए चे दोन ठिपके एवढंच. प्रत्येक पानावर एक्सवायवर बारीक अक्षरांत लिहिलंय: इथं घडी घाला. खराट्याची 80 मिमी काडी कापून आणायला सांगतो. घडी उभी करून काडी त्या कोपऱ्यात धरली की 69.3 कुठून आलं ते डोळ्यांना दिसतं. साबण आणायला सांगून पाहिला. वर्ग बुळबुळीत झाला, शिपायानं तक्रार केली.

मामू आता मशीनवर नसतात. मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा एक पत्रक दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग आधी पट्टी मागितली. 80 ची रेघ 77 भरली. "साब, तुमचा कागद खोटं बोलतो."

झेरॉक्सवाल्यानं Fit वर छापलं होतं. तेव्हापासून समासात 100 मिमीची एक जाड रेघ असते. कुणाला ही पत्रकं छापायची असतील तर Actual size निवडा, आणि वाटण्याआधी ती रेघ मोजा.