बशीतली किणकिण

अण्णांची साखर उतरली की ती आधी बशीत ऐकू यायची. जेवायला उशीर झाला, की त्यांच्या हातातला कप किणकिणायला लागे. "धडधडतंय गं," असं ते म्हणेपर्यंत आईने साखरेचा डबा पुढे सरकवलेला असे. शाळेत असल्यापासून हा आवाज माझ्या ओळखीचा.

पुढे अण्णांना हार्ट अटॅक आला. मधुमेहाची ग्लिमेपिराइड होतीच, तिच्या जोडीला मेटोप्रोलोल आली. डिस्चार्जच्या कागदावर दोन्ही गोळ्यांची नावं एकाखाली एक होती. त्या एकमेकींशी कशा वागतात हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी पाहुण्यांसाठी जेवण लांबलं. अण्णा कोरा चहा घेऊन पेपर वाचत होते. कप अगदी निश्चल. मी काही विचारलं, तर त्यांनी भलतंच उत्तर दिलं आणि तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतली. आईला वाटलं, पेंगुळलेत. उशी द्यायला ती वाकली आणि थबकली. डिसेंबरातली दुपार, तरी बनियन पाठीला चिकटलेलं, कानामागून घामाची धार. ग्लुकोमीटरने 48 दाखवले. गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. 15 मिनिटांनी आकडा 79 झाला. मग लगेच ताट वाढलं. पाहुणे येतील तेव्हा येतील!

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. साखर घसरली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं. हात कापणं, छाती धडधडणं ही त्याचीच करणी. मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गोळी नेमकी ते जिथे जाऊन बसतं ती जागा अडवते. घामाच्या ग्रंथींना हुकूम सुटतो तो वेगळ्या रसायनाकडून, म्हणून घाम येतोच. "घंटा बंद, नळ चालू," डॉक्टर म्हणाले.

"मग ही गोळीच नको," अण्णा तडकले. पण ती एकदम सोडली तर छातीतलं दुखणं उसळतं, पुन्हा अटॅकही येऊ शकतो. डॉक्टरांनी मेटोप्रोलोल ठेवली आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅमवरून 1 वर आणली. तीही जेवण समोर आल्याशिवाय घ्यायची नाही, असं बजावलं.

आता मेटोप्रोलोल माझ्याही डबीत आहे, आणि फ्रिजमध्ये इन्सुलिन. बायको येताजाता माझ्या मानेवरून हात फिरवते. मला पूर्वी वाटायचं, घाम नाही म्हणजे सगळं ठीक. पण बरीच वर्षं मधुमेह असला की घामाची खूणही कधीकधी फसवते. परवा बाहेर निघताना मान कोरडी होती, हात स्थिर होता. मी चाव्या घेऊन दारात उभा, आणि कुठे निघालोय तेच क्षणभर आठवेना. तिने बोटाला सुई टोचली. 61. चाव्या काढून घेतल्या आणि साखरेचा डबा उघडला.