चक निघत नाही? पाचर लावा

परवा शेजारचा पोरगा आमच्या ड्रिल मशीनवर मोगड्याच्या पट्टीला १६ मिलिमीटरचे भोक पाडायला आला. आमच्या चकमध्ये १३ मिलिमीटरपर्यंतचीच बिटे बसतात. त्याहून जाड बिटाचा दांडा निमुळता असतो. चक काढून ते थेट स्पिंडलमध्ये बसवायचे. पोराने चकवर बाजूने हातोडी उगारली, तसा मी त्याचा हात धरला. अशा घावाने चक निघत नाही. स्पिंडल मात्र वाकतो, मग बीट डुगडुगते.

चकचा दांडा नुसता निमुळतेपणाने घट्ट बसलेला असतो, स्क्रू वगैरे काही नाही. आधी वीज तोडली. हँडल ओढून स्पिंडल थोडा खाली घेतला, तेव्हा बाहेरच्या नळीची खाच दिसली. मग चक हाताने हळूहळू फिरवला. आतली खाच समोर आली की आरपार उजेड दिसतो. उजेड दिसेपर्यंत ठोकायचे नाही. पाचरीची गोल कड वर, सपाट कड खाली, दांड्याच्या चपट्या शेपटीवर. खाली लाकडी ठोकळा ठेवून पोराला चक धरायला लावला. हातोडीचा एकच नेमका टोला, आणि खट्‌कन चक त्याच्या हातात!

तुमच्या स्पिंडलला खाचच नसेल तर चक वेगळ्या पद्धतीने बसवलेला आहे, तिथे ही पाचर चालत नाही.

बीट चढवताना दांडा आणि स्पिंडलचे भोक कोरड्या फडक्याने पुसले. तेलाचा थेंब राहिला तर पकड सुटते, बीट काम करता करता खाली येते.