बोर्ड होता की!

आमच्या हॅरोच्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट आहेत आणि मागच्या आवारात गाड्यांसाठी वीस जागा. २००८ साली मी तिथल्या रहिवासी मंडळावर होतो. ट्यूबने लंडनला जाणारे लोक सकाळी आमच्या आवारात गाडी टाकून पसार व्हायचे आणि संध्याकाळी उगवायचे. मी कामावरून यायचो तर माझ्या जागेवर भलत्याचीच गाडी. मूळचा डोंबिवलीचा असल्यामुळे मला यावर एकच उपाय माहीत होता, जॅमर. इथे त्याला क्लॅम्प म्हणतात, पण चाकाला लागला की दुखतो तितकाच.

एक कंपनी आली. त्यांचं म्हणणं ऐकून मंडळातले सगळे खूश झाले, कारण आमचा खर्च शून्य होता. बोर्ड ते लावणार, माणूस त्यांचा, जॅमर त्यांचे. गाडी सोडवायचे १२० पौंड घेणार आणि ते सगळे त्यांच्याच खिशात जाणार. त्यांच्या माणसांकडे सरकारी परवाना होता. २००५ पासून खासगी जागेत जॅमर लावणाऱ्याला सिक्युरिटी इंडस्ट्री अथॉरिटीचा परवाना सक्तीचा होता, पैसे घेतल्यावर सहीची पावती द्यावी लागे, अपंगांचा ब्लू बॅज असलेल्या गाडीला हात लावता येत नसे. एवढं सगळं असताना त्यात खोट काय असणार, असं मला वाटलं. करारावर सही माझी आहे.

बोर्ड दोन लागले. एक फाटकाच्या आत डाव्या भिंतीवर, दुसरा कचऱ्याच्या डब्यांच्या शेडजवळ. जागा मीच दाखवल्या होत्या.

त्या डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला, म्हणजे मिट्ट काळोखात, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे एक बाई आल्या. आजींची नेहमीची केअरर आजारी होती, तिच्या बदली आलेल्या. पंचवीस मिनिटांत त्यांना जेवण भरवून खाली आल्या तर चाकाला पिवळा जॅमर. पुढच्या घरी दुसरे आजोबा वाट बघत होते. त्या माझ्या दारावर आल्या. मी स्लिपर घालून खाली गेलो आणि म्हणालो, "बोर्ड आहे की." दाखवायला गेलो, तर फाटकाजवळच्या बोर्डासमोर एक डिलिव्हरीची व्हॅन उभी. वरच्या कोपऱ्यातली चार अक्षरं काय ती दिसत होती. जॅमरवाला कोपऱ्यावरच गाडीत बसून होता. बाईंनी कार्डाने १२० पौंड भरले. त्या कामाचे त्यांना तासाला किती मिळत असतील याचा हिशेब मला मनात करता येत होता, आणि तो मी केला नाही. मी वर येऊन बायकोला सांगितलं, "नियम म्हणजे नियम."

मन त्या रात्री बदललं, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. उलट मी स्वतःला बरोबर ठरवण्यासाठी कायदा वाचायला बसलो.

सुरुवातीला तो माझ्याच बाजूने बोलला. आर्थर विरुद्ध अँकर खटल्यात अपील कोर्टाने म्हटलं होतं, की बोर्ड वाचूनही तुम्ही परक्याच्या जागेत गाडी लावलीत, म्हणजे जॅमरला तुम्ही संमतीच दिलीत. अटी होत्या, पण माफक: शुल्क वाजवी हवं, पैसे देताच गाडी सुटायला हवी, आणि पैसे द्यायला तयार असल्याचं कळवण्याची सोय हवी. मी खूश. पुढे २००० सालचा व्हाइन विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट खटला निघाला. हॉस्पिटलमधून घरी चाललेल्या एका बाईला वाटेत मळमळलं. गाडी एका खासगी जागेत थांबवून ती बाजूला जाऊन ओकली, परत येते तो काही मिनिटांत जॅमर. सोडवायला १०५ पौंड. बोर्ड भिंतीवर होता, पण त्याच्यासमोर लँड रोव्हर उभी होती. कोर्ट म्हणालं, ठळक बोर्ड असेल तर तो वाचला असंच सहसा धरलं जाईल, पण हिला तो दिसलाच नाही, मग संमती कुठली? तिचे पैसे परत मिळाले.

लँड रोव्हरच्या जागी मला आमची व्हॅन दिसली. तरीही मी स्वतःला समजावलं, की बोर्ड हलवला की झालं. कंपनीला फोन केला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोठे बोर्ड लावा आणि वर दिवा द्या, म्हटलं. ते हो म्हणाले. तीन महिने हो म्हणत होते. एकदा मी चिडलो तेव्हा पलीकडचा गडी हसून म्हणाला, "साहेब, सगळ्यांनी बोर्ड वाचला तर आम्ही खायचं काय?"

तो विनोद करत होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण करार मी त्या रात्री परत काढून वाचला. आमची जागा रिकामी राहिली, म्हणजे आमचं काम चोख झालं, तर त्यांची कमाई शून्य. बोर्ड जितका आडोशाला, तितका त्यांचा धंदा बरा. फुकट, फुकट म्हणून मी नाचलो होतो ते ह्याच्यावर. करार आम्ही पुढच्या वर्षी वाढवला नाही आणि फाटकाला अडसर बसवला.

स्कॉटलंडच्या न्यायाधीशांनी तर १९९२ मध्येच असा जॅमर लावून पैसे मागण्याला चोरी आणि खंडणी म्हटलं होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जागेत कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणं गुन्हा झालं. त्या कायद्यातलं एक वाक्य मला फार आवडतं: चालकाची संमती, उघड असो वा गृहीत धरलेली, हा अधिकार मानला जाणार नाही. बोर्ड कितीही मोठा रंगवा, जॅमरला आधार नाही. (उत्तर आयर्लंडला ही बंदी लागू झाली नाही.)

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मन बदललेला माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. खासगी पार्किंगचा प्रत्येक कागद मला लूट वाटायला लागला. २०१६ मध्ये एका दुकानांच्या आवारात मी दोन तासांऐवजी तीन तास रेंगाळलो आणि घरी १०० पौंडांचं पत्र आलं. वर पीसीएन अशी अक्षरं. नगरपालिकेच्या दंडाच्या कागदावरही हीच अक्षरं असतात, पण तिथे त्यांचा अर्थ पेनल्टी, इथे नुसता चार्ज. दंड नव्हे, करारभंगाचं बिल. "फाडून टाक, काही होत नाही," असं मित्र म्हणाला. मी फाडलं. पुढची दोन पत्रंही फाडली.

मित्राचा सल्ला जुना झाला होता. जॅमर बंद करणाऱ्या त्याच कायद्याने कंपन्यांना बदल्यात काहीतरी दिलं होतं. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तर काही अटी पाळून नोंदणीकृत मालकाकडून वसुली करता येते. कॅमेऱ्याने गाडी टिपली असेल तर १४ दिवसांत पत्र मालकाकडे पोचायला हवं, ही त्यातली एक अट. माझं नवव्या दिवशी आलं होतं. शिवाय नोव्हेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बीव्हिस खटल्यात निकाल दिला होता. चेम्सफर्डच्या एका आवारात दोन तास फुकट होते, हा गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबला, ८५ पौंडांचं बिल आलं. कोर्टाने ते वैध ठरवलं. कारण तिथे वीसेक बोर्ड होते, ठळक, आणि रक्कम त्यावर मोठ्या अक्षरांत होती. जागा फिरती राहावी हा मालकाचा रास्त हेतूही त्यांनी मान्य केला.

मला कोर्टाचा कागद आला. १०० बिलाचे, २५ कोर्टाचे, ५० वकिलाचे. भरण्याआधी त्या आवारात जाऊन आलो, लढायला काही सापडतं का पाहायला. फाटकापाशी बोर्ड, प्रत्येक रांगेत बोर्ड, रात्री उजेड. मी १७५ भरले. रक्कम डाचली, आजही डाचते, पण मला फसवलं असं मला म्हणता येईना.

गेल्या महिन्यात ठाण्याहून भाच्याचा फोन आला. तो सोसायटीचा सेक्रेटरी झालाय. "मामा, बाहेरच्या गाड्यांना जॅमर लावायचा ठराव आणतोय, पाचशे रुपये दंड. तुम्ही तिकडे हे सगळं केलंय ना?"

मी त्याला सांगितलं, की आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये जॅमरचा उल्लेख आहे, पण तो अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा. सोसायटीच्या ठरावाने तो वॉचमनकडे येत नाही.

"पण मामा, बोर्ड लावणार आहोत आम्ही. मोठा."

"कुठे?"

"गेटच्या आत. पाण्याच्या टाकीजवळ."

"टाकीजवळ टँकर कधी येतो?"

तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "रोज संध्याकाळी."