मोकळं बोट

माइक कायम चालू ठेवून खेळणाऱ्याच्या घरचा पंखा, कुकरची शिट्टी आणि जेवायला बोलावणारी हाक हे सगळं संघातल्या चौघांना ऐकावं लागतं. म्हणून बोलण्यापुरतं बटण दाबून धरायचं आणि सोडलं की गप्प, ही रीत मला सभ्य वाटते. पण बटण कुठलं? बहुतेक जण कीबोर्डवर रिकामं बटण शोधत बसतात. शोधायचं असतं ते रिकामं बोट.

काउंटर-स्ट्राइक घ्या. डाव्या हाताची तीन बोटं W, A, S, D वर फिरत असतात, करंगळी दबकत चालायला Shift वर, अंगठा उडीसाठी Space वर. जुन्या 1.6 मध्ये बोलण्यासाठी K होतं. त्याचं दुसऱ्या कशाशी भांडण नव्हतं, पण ते गाठायला उजव्या हाताला माउस सोडावा लागे. शत्रू दिसला की तोंड उघडायचं, आणि नेमका तेव्हाच हात बंदुकीवरून उठायचा! V जवळ आहे, पण तर्जनी तिथे गेली की D सुटतं. ‘बी वर दोघे’ सांगत उजवीकडे भिंतीआड सरकायचं असतं, आणि पाय तिथेच थिजतात. Caps Lock तर करंगळीलाच Shift वरून ओढतं. आपले शब्द फक्त मित्रांना ऐकू जातात, पावलं मात्र शत्रूलाही.

उरतो उजवा अंगठा. माउसच्या कडेला त्याच्यासाठी बटण असेल, तर कन्सोलमध्ये एवढंच लिहायचं:

```
bind "mouse4" "+voicerecord"
```

त्या अधिकच्या चिन्हामुळे दाबून धरलं तोवरच आवाज जातो. एक खोट आहे. अंगठा जोरात दाबला की माउस किंचित सरकतो, म्हणून दुर्बिणीतून नेम धरलेला असताना बोलू नये. आधी गोळी, मग बातमी.

डिस्कॉर्डवर बोलत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. बटण डिस्कॉर्डलाही कळतं आणि खेळालाही, त्यामुळे खेळात त्या बटणावर जे काही बांधलेलं असेल ते आधी काढून टाकावं. नाहीतर बोलायला जाल आणि हातातली बंदूकच बदलेल. वाक्याचा शेवट तुटत असेल, तर बटण सोडल्यावर माइक बंद व्हायला लागणारा वेळ सेटिंगमध्ये थोडा वाढवावा. अंगठ्याला दोष देऊ नये.

बटण ठरवलं की लगेच सामन्यात उतरू नका. रिकाम्या नकाशावर जा, ते दाबून धरा, मोठ्याने अंक मोजत उजवीकडे पळा, वाका, उडी मारा, गोळ्या भरा. मोजता मोजता एखादी हालचाल अडली, तर ते बटण बदला.