बिनजोरी प्यादं

भंडारदऱ्याला पाऊस धरला की चार-चार दिवस उघडत नाही. असल्याच दिवसांत मामांनी मला पडवीत बुद्धिबळ शिकवलं.

दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. माझा राजाकडचा घोडा निघाला, त्यांचा वजिराकडचा. मी राजाकडचा उंट काढला. मामांनी तोच घोडा पुन्हा उचलून माझ्या अर्ध्या पटात घुसवला. त्यांच्या प्याद्याचा जोर गेला! मी घोड्यानं ते मारलं.

लगेच त्यांचा वजीर तिरपा बाहेर आला. एकीकडं माझा घोडा बिनजोरी, दुसरीकडं घोड्याच्या मूळ घरापुढचं प्यादंही बिनजोरी. त्यामागं माझा हत्ती. काय वाचवावं सुचेना. थोड्या खेळ्यांत मात झाली.

मामा म्हणाले, "प्यादं फुकट दिसलं, पण मी ते का सोडलं हे विचारलंस का? हात मांडीवर ठेव. आधी बघ, माझ्या खेळीनं कशाला धोका झाला. मग तुझी खेळी मनातच खेळ. आता मी शह देईन का, काय मारीन, तुझं कोण बिनजोरी राहील? मगच मोहऱ्याला हात लाव."

अजूनही फुकटचं प्यादं दिसलं की हात शिवशिवतो. पण आधी समोरचा वजीर कुठं येईल, ते बघतो.