नसलेल्या पायाचं वजन

माझ्या दादाची उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. कुठल्याही ॲपमध्ये टाका, बीएमआय २२.१ येतो आणि शेजारी हिरवा ठिपका. त्याच्या ऑफिसातल्या आरोग्य शिबिरातही हाच आकडा काढून पुढे ‘नॉर्मल’ लिहून दिलं होतं. फक्त त्या ६४ किलोंत त्याचा उजवा पाय नाही. बारा वर्षांपूर्वी रेल्वे अपघातानंतर तो मांडीच्या मध्यावर कापावा लागला.

म्हणजे उंची अख्ख्या माणसाची धरली, वजन मात्र एक पाय वजा केलेलं. भागाकार बरोबर असूनही उत्तर चुकतं, आणि चुकतं ते नेहमी कमीच्या बाजूला.

मला हे खटकलं, कारण त्याचं सॉकेट घट्ट होऊ लागलं होतं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा तो पेला, ज्यात उरलेली मांडी बसते. तो मापाने बनवलेला असतो. वजन थोडं वाढलं तरी काचतो, कातडी सोलते. आमच्या घरात मधुमेहही आहे. पोट सुटलेलं दिसतंय, सॉकेट काचतंय आणि कागद सांगतोय नॉर्मल.

यावर आहारतज्ज्ञ वापरतात तो उपाय तसा साधा आहे. शरीराच्या प्रत्येक भागाचं वजन एकूण वजनाच्या साधारण किती टक्के असतं, याचा तक्ता आहे. ऑस्टरकॅम्प यांनी १९९५ साली मांडलेला तक्ता बरेच जण धरतात. त्यात अख्खा पाय १६ टक्के: मांडी १०.१, गुडघ्याखालचा भाग ४.४ आणि पाऊल १.५. अख्खा हात मात्र फक्त ५ टक्के.

दादाचा गुडघ्याखालचा सगळा भाग आणि पाऊल गेलं, ते ५.९. मांडी अर्धी गेली, म्हणून १०.१ चे निम्मे, साधारण ५. एकूण ११ टक्के. म्हणजे आज काट्यावर दिसतं ते मूळच्या शंभरातलं ८९. म्हणून ६४ ला ०.८९ ने भागायचं: ७१.९ किलो. आता बीएमआय येतो २४.९.

इथे बरेच जण भागण्याऐवजी ६४ चे ११ टक्के काढून मिळवतात. पण ते ११ टक्के अख्ख्या शरीराचे आहेत, उरलेल्याचे नाहीत. दादाच्या बाबतीत फरक किलोभराचाच पडतो. पाय जितका वरून कापलेला, तितका तो वाढत जातो.

भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. म्हणजे दादा हिरव्या ठिपक्यात नाही, स्थूलतेच्या उंबरठ्यावर आहे. आणि ‘पाय नाही ना, मग १६ टक्के’ असं सरसकट धरलं असतं तर बीएमआय २६.४ येऊन तो उंबरठ्याच्या आत गेला असता. त्यामुळे कुठून कापलाय, हे विचारल्याशिवाय हा हिशेब करूच नये.

खरी अडचण काट्यावर येते. एका पायावर उभं राहून भिंतीला हात टेकला की थोडा भार भिंत घेते आणि वजन कमी दिसतं. आम्ही दादाला पाय आणि बूट घालून उभा केला, ६७.५ आले. मग तोच पाय बुटासकट वेगळा ठेवला, ३.५. वजाबाकी ६४. ही वजाबाकी राहिली आणि ६७.५ लाच ०.८९ ने भागलं, तर एकच पाय दोनदा मोजला जातो आणि बीएमआय २६.२ वर जातो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनाही हेच: मोठ्या काट्यावर खुर्चीसकट वजन, मग रिकामी खुर्ची वजा. उंची मात्र दादाची धडधाकट पायावर नीट मोजता येते.

आता यातली कच्ची बाजू. तक्त्यामागची टक्केवारी मृतदेहांच्या मोजमापांवरून आलेली आहे, तीही फार थोड्या. शिवाय मांडी वर जाड, खाली निमुळती. लांबीने निम्मी गेली म्हणून वजनाने निम्मी जात नाही, थोडी कमीच जाते. दादाचे ११ ऐवजी १० टक्के धरले तर बीएमआय २४.६ होतो. म्हणून मी दशांशावर वाद घालत नाही, साडेचोवीस ते पंचवीस एवढंच धरते. शिवाय उरलेल्या मांडीचे स्नायू वापर कमी झाल्याने आटतात, हे या गणिताला दिसतच नाही. त्यासाठी कमरेचा घेर मोजावा. त्याला पाय आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. दादाचा ९४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे.

आणि हे ७१.९ फक्त तुलनेपुरतं. किलोमागे औषधाचा डोस ठरवायचा असेल, तर डॉक्टरांना काट्यावरचे ६४ आणि पाय नसल्याचं, दोन्ही सांगायचं.

दादाने सगळं ऐकून एवढंच विचारलं, “म्हणजे नसलेला पायही माझ्यावर जाड होतोय का?” त्याला म्हटलं, हो, हिशेबात तरी. सध्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाय काढून वजन आणि घेर लिहून ठेवतो. सॉकेट दुरुस्तीला गेलंय.